फाउंटनला उतरलेला पाळणा

विरारची एसटी हायवेवरच्या फाउंटन हॉटेलच्या वळणावर थांबली तेव्हा गाडीतली निम्मी माणसं झोपली होती. कंडक्टर मात्र जागा होता. तो स्वतः मागच्या शिडीवरून टपावर चढला आणि वरून ओरडला, "मामा, धरा हां! सोडतो मी. खालून पायाकडून धरा."

लवूने दोन्ही हात वर केले. अंधारातून आधी चार लाकडी पाय खाली आले, मग कठड्याच्या कोरीव पट्ट्या, मग आख्खा पाळणा. फणसाच्या लाकडाचा, पिवळा, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. कोपऱ्यांवर चार पोपट होते आणि एकाची चोच तुटलेली होती. दोऱ्या नीट गुंडाळून आत ठेवल्या होत्या, आणि त्या दोऱ्यांच्या मधोमध, कुंची घालून, झबलं घालून, दुपट्यात गुंडाळून, कापडी पट्ट्याने पाळण्याला बांधलेला गोप्या निजला होता.

गोप्या म्हणजे वरवंटा.

बारशाच्या दिवशी बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण लवूच्या घराण्यात आणखी एक रीत होती. हा पाळणा एका घरातून दुसऱ्या घरात जाताना रिकामा जायचा नाही. रिकामा पाळणा हलला तर हलवणारीच्या हातून कूस हलते, असं बायका म्हणायच्या. म्हणून थोरल्या जावेने धाकटीच्या ओटीत पाळणा घालायचा, त्यात आपल्या पाट्यावरचा वरवंटा लेकरासारखा नटवून निजवायचा आणि मग निरोप द्यायचा. थोरली जाऊ सरूबाई गावी होती. म्हणून तर सुलूला स्वतः गावी जावं लागलं होतं. लवू एकटा गेला असता तर सरूबाईने पाळणा दिला नसता.

"उतरला एकदाचा," सुलू म्हणाली आणि पाळण्याला हात लावून तोच हात तिने कपाळाला लावला.

"मामी, लेकरू सांभाळा," कंडक्टर हसत म्हणाला. त्याला गुपित माहीत होतं. गाडी सुटायच्या आधी सुलूनेच त्याला सांगितलं होतं, म्हणून तर त्याने पाळणा उलटा न ठेवता सुलटा बांधला होता. त्याने घंटी मारली. गाडी उजवीकडे वळली, खाडीच्या पुलाकडे गेली, आणि तिचे लाल दिवे बघता बघता ट्रकांच्या लाल दिव्यांत मिसळून गेले.

उरले लवू, सुलू, दोन पिशव्या आणि पाळणा.

खरं तर त्यांना बोरिवलीची गाडी धरायची होती. ती सरळ काशीमिऱ्याच्या नाक्यावरून जाते आणि नाक्यापासून शांती नगर काही लांब नाही. पण बोरिवलीच्या गाडीचा टप आंब्याच्या पेट्यांनी भरलेला होता. लवू म्हणाला, "विरारची घेऊ. फाउंटनला उतरू. तिथे रिक्षाच रिक्षा असतात गो, उभं राहायला जागा नसते." आणि ते खरंही होतं, दिवसाउजेडी. दिवसा त्याने ते पाहिलं होतं. गाडी संध्याकाळी पोहोचायची होती. घाटात ट्रक आडवा झाला आणि संध्याकाळ घाटातच सरली.

आता वळणावर तीन रिक्षा होत्या. एकीत ड्रायव्हर पाय बाहेर काढून झोपला होता. उरलेले दोघे टपरीजवळ चहा पीत उभे होते.

"काशीमिरा?" लवूने विचारलं.

"शेअरिंग. सीट भरली की निघतो," एक जण म्हणाला आणि मग त्याचं लक्ष पाळण्याकडे गेलं. "वो भी जायेगा क्या?"

"तोच जायचाय. आम्ही नंतर."

"चाचा, वो तो रिक्षा से बडा है."

"तिरका घालू ना. शांती नगरपर्यंत स्पेशल घे."

माणूस वाईट नव्हता. त्याने चहा ठेवला आणि खरोखर प्रयत्न केला. आधी पाळणा आडवा घातला, तर पाय बाहेर राहिले. मग तिरका घातला, तर पोपट हुडाच्या पाइपात अडकला. "इसका पाय निकलता है क्या?" त्याने विचारलं. लवूने एक पाय हलवून पाहिला. खुंट्या लाकडात अशा बसल्या होत्या की जणू तिथेच उगवल्या असाव्यात.

"अहो, आत गोप्या आहे!" सुलू किंचाळली. पाळणा उभा केल्यावर वरवंटा पट्ट्यात लोंबकळत होता. तिने घाईघाईने पट्टा सोडला, गोप्याला काढून छातीशी धरलं आणि दुसरा हात पाळण्यावर दाबून धरला. जणू तो हात असेपर्यंत पाळणा रिकामा नव्हता.

शेवटी पाळणा पुन्हा खाली आला. सुलूने गोप्याला परत निजवलं. पट्टा बांधायचा राहिला, कारण तेवढ्यात दुसरा रिक्षावाला म्हणाला, "टपावर बांधू का?" आणि पहिला म्हणाला, "हुड फटेगा तो तू देगा?" आणि दोघांचं जुंपलं. भांडण संपलं तेव्हा वसईच्या गाडीतून उतरलेली आठ माणसं दोन रिक्षांत कोंबून बसली होती, आणि रिक्षा गेल्या होत्या. तिसरा झोपलेलाच होता. टपरीवाला म्हणाला, "त्याला उठवू नका. तो उठला की शिव्या देतो."

"नीलेशला फोन लाव," सुलू म्हणाली.

"बॅटरी घाटातच गेली. आणि लावून काय करणार? तूच त्याला सांगून ठेवलंस, बाळंतिणीला एकटी टाकून रात्री दाराबाहेर पडायचं नाही. आणि तो बाइकवरून पाळणा नेणार होय?"

ते खरं होतं. सुनेला, संजनाला, आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. उद्या सकाळी बारसं. सिल्व्हर पार्कहून संजनाची मावशी यायची होती, गावाकडची माणसं यायची होती. नीलेश म्हणाला होता, "आई, डेकोरेटरकडे स्टीलचा पाळणा भाड्याने मिळतो, फुलं-बिलं लावून देतात. कशाला एवढी धावपळ?" नीलेश झाला तेव्हा सुलू परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहत होती. पाळणा टांगायला तिथे कडी नव्हती, आणि कडी असती तरी खाली माणसं झोपायची. नीलेश धोतराच्या झोळीत वाढला. त्याच्या चुलत भावंडांना पाळणा मिळाला, त्याला नाही. हे सुलूने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण शांती नगरात घर घेतलं तेव्हा बिल्डरच्या माणसाला तिने पहिलं काय विचारलं असेल, तर "स्लॅबला हूक आहे ना?"

आता हूक होता, नात होती, पाळणा होता. आणि रस्ता होता मध्ये.

टपरीच्या फळीवर ती बसली. रस्त्यावरून कंटेनर गेले की जमीन थरथरायची, आणि ती पाळण्याच्या कठड्यावर हात ठेवून असायची. ओठातल्या ओठात ती काही म्हणत होती. ओवी तिला आठवावी लागत नसे. दळण गेलं, जातं गेलं, पण ओवी तिच्या तोंडात राहिली होती, आणि जिथे असेल तिथली माती उचलून ती पुढे जायची.

*पाळणा निघाला वाटे, फणसाच्या गो लाकडाचा,*
*माझ्या नीलूच्या लेकीला, वारा लागो कोकणाचा.*

"गातेस काय? गाडी बघ," लवू म्हणाला. पण चिडून नाही. त्याची चूक त्याला कळली होती, आणि ती बोलून दाखवण्याऐवजी तो रस्त्याच्या कडेला उभा राहून येणाऱ्या प्रत्येक टेम्पोला हात करत होता. टेम्पो थांबत नव्हते. रात्रीच्या वेळी हायवेवर अनोळखी माणसासाठी कोण थांबतं?

जो थांबला, तो त्याच्यासाठी नाही, चहासाठी थांबला. पुलाकडून आला, टपरीसमोर बाजूला घेतला. मागे ताडपत्रीखाली पालेभाजी होती. ताडपत्रीच्या कडांतून पाणी गळत होतं आणि सगळ्या वळणावर एकदम शेपूचा वास पसरला. ड्रायव्हर उतरला. त्याच्यामागे एक बाई उतरली, अंबाड्यात अबोलीचा गजरा, पदर खोचलेला.

"दोन कटिंग," ड्रायव्हर म्हणाला आणि मग पाळण्याकडे बघून दचकलाच. "अरे देवा! शालू, बग ही. तान्हं पोर घिऊन हायवेवर बसलीत!"

शालू नावाची ती बाई चार पावलांत आली. कुंचीची झालर उजेडात दिसत होती, बाकी सगळं दुपट्यात. "अगो बाय! येवढ्या राती? गाडी न्हाय मिळत काय?"

सुलूने तोंड उघडलं. "नाही हो, हे पोर म्हणजे…"

लवू मध्येच बोलला. "शांती नगरला जायचंय. रिक्षात मावत नाही." आणि त्याने सुलूच्या पायाला चपलेने हळूच डिवचलं. *गप ऱ्हा.*

"मग बघता काय?" शालू नवऱ्याकडे वळली. "राघो, च्या ऱ्हाऊ दे. घाल पाठी. काशीमिऱ्यापरत तरी सोडू."

"मी कुठं न्हाय म्हणतोय? तूच अर्धं बोलतेस आन् अर्धं मला बोलायला लावतेस." राघोने ताडपत्री वर केली. मेथीच्या, पालकाच्या, शेपूच्या जुड्या हारीने रचलेल्या होत्या. त्यांच्यावर त्याने आणि लवूने पाळणा ठेवला. जुड्यांची रास उतरती होती, त्यामुळे पाळणाही थोडा कललेला राहिला. लवू पाळण्याशेजारी चढून बसला.

"पोर पाठी कशाला? घे मांडीवर, पुढं बस," शालू सुलूला म्हणाली.

"नको, नको. तो… ती पाळण्यातच शांत असते. काढली की उठते," लवू वरून म्हणाला. "तुम्ही बायका पुढं बसा. मी आहे ना जवळ."

"पुरुषमाणसाला काय समजतंय," शालू म्हणाली, पण तिने सुलूला हाताला धरून पुढे चढवलं.

टेम्पो निघाला. केबिनमध्ये आरशाला लिंबू-मिरची हलत होती. सुलू मधोमध बसली होती.

"मुलगी का मुलगा?" शालूने विचारलं.

"मुलगी."

"किती दिवसांची?"

"उद्या बारसं."

"मंजे कोवळीच गो! आन् तुमी तिला कोकणातून एसटीनं आणलीत?"

यातलं एक उत्तर खरं होतं, दुसरंही खरं होतं, तिसरं कसं द्यावं हे सुलूला कळेना. ती म्हणाली, "आई घरी आहे तिची."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर तिला कळलं की ते किती भयंकर वाटतं. शालूने तिच्याकडे वळून पाहिलं. राघोनेही पाहिलं.

"मंजे आईला सोडून…" शालू म्हणाली आणि पुढचं तिने गिळलं. मग हळूच सुलूच्या मांडीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. प्रत्येकाच्या घरात काय ना काय आसतंय. माज्या चार पोरांत येवढं गप कोण न्हवतं, येवढं सांगते. गुणी हाय तुजी नात. आवाज न्हाय काय न्हाय."

रडावं की हसावं, हे सुलूला ठरेना. *सांगून टाकते,* ती मनात म्हणाली. *नाक्यावर उतरायच्या आधी सांगते. उतरवलं तर उतरवलं.* तिने घसा खाकरला. पुढे एक मोठा खड्डा होता, टेम्पो उडाला, मागे जुड्या सरकल्याचा आवाज झाला, आणि तिचं वाक्य तिथेच पडलं. दुसरं जुळवेपर्यंत काशीमिऱ्याचे दिवे आले.

नाक्यावर हवालदार होता. टेम्पो थांबतो न थांबतो तोच त्याची शिट्टी वाजली. "ए, आगे लो! आगे लो! इथे नाही थांबायचं!"

"चाललो साहेब, पोर उतरवतोय!" राघो ओरडला. मागे लवू पेंगला होता. शेपूच्या वासात, दिवसभराच्या थकव्यात, त्याचं डोकं मेथीवर टेकलं होतं. तो धडपडत उठला. राघोने पाळणा एका बाजूने उचलला, लवूने दुसऱ्या. "सांभाळून, सांभाळून, झोपलंय," राघो कुजबुजला. पाळणा फुटपाथवर आला. शिट्टी पुन्हा वाजली. शालूने खिडकीतून हात बाहेर काढला, "बाळाची दृष्ट काढ गो!" आणि टेम्पो दहिसरच्या दिशेने गेला.

सुलूने पाळण्यात हात घातला.

दुपटं होतं. दोऱ्या होत्या. गोप्या नव्हता.

"अहो."

"काय?"

"अहो, गोप्या."

लवूने पाळण्यात डोकं घातलं. मग दोऱ्या उचलून पाहिल्या, दुपटं झटकलं, पिशव्यांत पाहिलं, जसा काय वरवंटा स्वतः उठून पिशवीत जाऊन बसला असावा. "पट्टा नव्हता बांधला," तो शेवटी म्हणाला.

"तुम्ही जवळ होतात ना?"

लवूने दुपटं पुन्हा एकदा झटकलं. सुलू पाळण्याच्या कडेला फुटपाथवर बसली आणि दोन्ही हातांनी तिने कठडा धरला, घट्ट, अजिबात हलू नये असा.

त्याच वेळी एक मालवाहू तीनचाकी समोरून आली. मागे मंडपाचे बांबू आणि गुंडाळलेली कनात. लवूने हात केला आणि ती थांबली. जणू रात्रभर ती फक्त याच क्षणासाठी फिरत होती.

"शांती नगर? जाता है ना, उधर ही गोडाउन है अपना," ड्रायव्हर म्हणाला. "डालो जल्दी. मेरे को सोने का है."

"चल गो!" लवू म्हणाला. "उठ."

"रिकामा पाळणा हलवायचा नाही."

"अगो, हा घरात नेतोय! झोका नाही देत!"

"गाडीत हलणार. नाही म्हणजे नाही."

"मग माझी पिशवी ठेव त्यात."

"पिशवीला काय कुंची घालू? सरूवहिनीने तिच्या हाताने निजवलाय तो. तिला काय सांगू? पहिल्याच वाटेवर सांडला?"

"चाचा, जल्दी," ड्रायव्हर म्हणाला.

"दोन मिनिटं, भाई." लवू खाली वाकला. आवाज हळू केला. "सुलू. ऐक. पुन्हा गाडी मिळणार नाही. सकाळी माणसं येतील. तुझ्याच हातांनी हा पाळणा टांगायचाय ना तुला? मग चल. दगड काय, दुसरा आणू. आपल्याकडे वरवंटा आहेच घरात."

सुलूने त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण हात ढिले झाले नव्हते. "मिक्सर आहे घरात," ती म्हणाली. "वरवंटा तुम्हीच भंगारात घातलात, गेल्या दिवाळीला."

लवूला आठवलं. खरंच घातला होता.

ड्रायव्हरने एकदा लवूकडे पाहिलं, एकदा त्या हट्टाने बसलेल्या बाईकडे, आणि हात हलवला. "आपका आपस में जमा लो," तो म्हणाला आणि गेला. बांबू खडखडत लांब गेले. लवूही मग तिच्या शेजारी फुटपाथवर बसला. दुसऱ्या बाजूने त्यानेही कठडा धरला. दोघे असे बसले होते, जसे काही त्या पाळण्यात खरंच कुणी आजारी होतं.

"चूक माझी," लवू म्हणाला. "विरारची गाडी पण माझी, झोप पण माझी."

"आणि पाय डिवचलात तो?"

"तो पण माझाच."

सुलूला हसू आलं, रडता रडता. "पुढं बसून काय काय बोलले मी. त्या बाईला वाटलं असेल आपण पोर चोरून आणलंय."

दहिसरच्या बाजूने दिवे येत होते, जात होते. त्यातला एक दिवा हळू येत होता. इतका हळू, की मागचे ट्रक हॉर्न देत होते, आणि तरी तो वेग वाढवत नव्हता. खड्डा आला की जवळजवळ थांबायचा, मग एकेक चाक अलगद उतरवून पुढे यायचा. नाक्यावर तो वळला तेव्हा लवू उभा राहिला.

"शेपू," सुलू म्हणाली. तिला आधी वास आला होता.

टेम्पो थांबला तशी शालू उडी मारून खाली आली आणि आली ती थेट सुलूच्या अंगावर. पण ओरडली नाही. सगळं कुजबुजत. कुजबुजत ओरडण्याइतकं भयानक काही नसतं.

"तू बाई हायस का कोण हायस गो? पोर इसरून उतरलीस? चेकनाक्याच्या अलीकडं ताडपत्री नीट करायला थांबलो, यानं बॅटरी मारली, तर शेपूत कुंची! माजं काळीज थांबलं! बोल ना, तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय?"

"हात न्हाय लावला आमी," राघोही कुजबुजला. "झोपलंय. उठलं तर रडंल म्हणून तसंच ठिवलं. येवढं हळू मी लग्नात वरातीची गाडी पण न्हाय चालवली. मागून शिव्या किती खाल्ल्या!"

सुलूने दोघांकडे पाहिलं. तो माल बाजारात वेळेवर पोहोचायला हवा होता. टेम्पो उलटा फिरवून, शिव्या खात, एका दगडाची झोप मोडू नये म्हणून ते परत आले होते. आता खोटं बोलणं शक्यच नव्हतं. ती टेम्पोच्या मागच्या फळीपाशी गेली, जुड्यांत हात घातला आणि गोप्याला उचललं. कुंची बाजूला केली.

काळा, गुळगुळीत, एका टोकाला झिजलेला वरवंटा. त्याच्या डोक्याला शेपूची दोन पानं चिकटली होती.

हवालदारसुद्धा जवळ येऊन बघत उभा राहिला.

"बाळ घरी आहे," सुलू म्हणाली. "आईजवळ. हा पाळणा तिच्यासाठी. आमच्यात पाळणा रिकामा नेत नाहीत, म्हणून हा. मी सांगणार होते हो. पण गाडी मिळत नव्हती, आणि तुम्ही लेकरू समजून थांबलात. चुकलं. हात जोडते."

राघोने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि फळीला टेकून हसायला लागला. खांदे गदगदायला लागले. "वरवंटा! शालू, मी वरवंट्यासाठी सेकंड गिअरमध्ये आलो! दहिसरवरून!"

शालू हसली नाही. तिने वरवंटा सुलूच्या हातातून घेतला, तोलून पाहिला, कुंची नीट केली, झालर सारखी केली.

"आमच्यात पण घालतात," ती म्हणाली. आवाज आता सरळ झाला होता. "माज्या चौघांच्या बारशाला घातला. मग आदी सांगायचंस ना. दगड हाय म्हणून तुला रस्त्यावर ठिवून गेलो असतो काय? बारशाचा दगड हाय त्यो. पोरापेक्षा त्याचा मान आदी."

"मला कसं कळणार?"

"इचारलं असतंस तर कळलं असतं." मग तिच्याही तोंडावर हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर थांबेना. "आन् मी म्हंते, गुणी हाय पोर! आवाज न्हाय! माज्या चौघांना मेल्यांना याचं उदाहरण देणार होते मी उद्या!"

हवालदार म्हणाला, "ओ, झालं असेल तर हलवा गाडी." पण तोही हसत होता, आणि पाळणा चढवताना त्याने एका बाजूने हात लावला.

"काशीमिऱ्यापरतच सोडणार होता ना तुम्ही?" लवू म्हणाला. "तुमचा बाजार…"

"आता आत वळलोच हाय तर दारात सोडतो," राघो म्हणाला. "फिरून परत कोण येणार? आनखीन कायतरी इसराल. त्यापेक्षा मीच मोजून उतरवतो."

या वेळी सुलू मागे बसली, पाळण्याला टेकून. गोप्याचा पट्टा शालूने स्वतः बांधला, दोन गाठींनी, आणि गाठी ओढून पाहिल्या. मीरा-भाईंदर रस्त्याला टेम्पो वळला. बंद दुकानांच्या पाट्या, सिल्व्हर पार्कचा चौक, एका गच्चीवर विसरलेले कपडे. राघो अजूनही हळूच चालवत होता. कारण नव्हतं, तरी.

इमारतीखाली टेम्पोचा आवाज आला तसा दुसऱ्या मजल्यावर दिवा लागला. नीलेश गॅलरीत आला. "आई? अगं किती वेळ! फोन का लागत नाही? आणि हा टेम्पो कुणाचा?"

"तुझ्या मामाचा!" राघो खालून म्हणाला. "खाली ये, धर लेकराला!"

नीलेश धावत खाली आला. वाटेत झालेला सगळा प्रकार लवू एकीकडे सांगत होता, राघो दुसरीकडून, आणि दोघांच्या सांगण्यात मेळ नव्हता. पाळणा जिन्यावरून वर निघाला, पुढे राघो, मागे नीलेश, मध्ये लवू नुसताच "डावीकडे, डावीकडे" म्हणत. शालू खालीच थांबली. "मी वर न्हाय येत," ती म्हणाली. "रातीची बाहेरून आलेली, पाय धुतले न्हाईत. बाळंतिणीच्या खोलीत अशी जाऊ नये. उद्याचं उद्या."

"मग उद्या या," सुलू म्हणाली. "खरंच या. बारशाला."

"माल इकून आलो तर दुपार हुईल."

"दुपारी या. बाळ कुठे जातंय?"

तेवढ्यात वरून आवाज आला. आधी एक बारीकशी उचकी, आणि मग कडाडून रडणं, अख्खी इमारत जागी व्हावी असं. पाळण्याचा पाय दाराला आपटला असावा. शालूने मान वर केली आणि कान देऊन ऐकत राहिली.

"हां," ती म्हणाली. "ही खरी. हिला शेपूत ठिवली असती तर दहिसरला कशाला, पुलावरच कळलं असतं."

जाता जाता तिने शेपूच्या चार जुड्या काढून सुलूच्या ओटीत घातल्या. "बाळंतिणीला दे. दूध येतं." पैसे विचारायची सुलूला हिंमत झाली नाही. शालूचा चेहराच तसा होता.

दुसऱ्या दिवशी सुलूने सकाळचं बारसं दुपारवर ढकललं आणि स्लॅबच्या हुकाला फणसाचा पाळणा टांगला. संजनाच्या मावशीने गोप्याला पाळण्यात घालायला उचललं आणि नाक मुरडलं, "याला शेपूचा वास का येतोय?" सुलूने झोक्याची दोरी हातात घेतली. चोच तुटलेला पोपट एकदा भिंतीकडे गेला, एकदा खिडकीकडे. नाव ठेवायच्या आधी एक ओवी म्हणायची रीत होती. बायकांनी सरूबाईची म्हणायला सांगितली. पण सुलूच्या तोंडून दुसरीच आली, आणि दारात चपला काढत उभ्या असलेल्या शालूने ती ऐकली.

*शेपूच्या हिरव्या रानी, निजला गो गोपाबाळ,*
*घेऊन फिरली मागं, माझी शालू गो मायाळ.*